20 लिटरचा जार आणि कोपराची आतली बाजू

ठाण्यात नौपाडा आणि चरईतल्या कित्येक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिथे पिण्याच्या पाण्याचे जार पोचवणारा माणूस दोन्ही हातांत एकेक भरलेला जार घेऊन तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर चढतो. जारला कडी नसते. त्याच्या मानेला बोटांचा विळखा घालायचा आणि निघायचं. असं काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका दादांच्या उजव्या कोपरावर आमच्या फिजिओथेरपी केंद्रात जे उपचार झाले, ते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. काम बंद ठेवणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्या कंडरेचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचं, दुखणं कसं हाताळायचं, हे या एका उदाहरणातून बऱ्यापैकी कळतं.

तक्रार अशी होती. कोपराच्या आतल्या बाजूला, शरीराला लागून असतं त्या अंगाला, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या आसपास दुखायचं. सुरुवातीला फक्त दिवसाच्या शेवटच्या फेऱ्यांत, मग पहिल्या जारपासून आणि पुढे सकाळी ब्रश करताना, ओला टॉवेल पिळताना, दुचाकीचा ॲक्सिलरेटर धरतानाही. कळ उंचवट्यापासून निघून हाताच्या आतल्या बाजूने मनगटाकडे उतरायची. मार लागलेला नव्हता, सूज नव्हती. एप्रिलमध्ये मागणी वाढली आणि रोजचे साधारण 60 जार 90 वर गेले, त्यानंतर तीन आठवड्यांत हे सुरू झालं. निदानाचा निम्मा भाग या शेवटच्या वाक्यात आहे. कंडरेला ओझ्याची सवय होते, पण ती हळूहळू होते. आठवड्याभरात ओझं दीडपट झालं तर स्नायू कसाबसा निभावून नेतो, कंडरा मागे पडते.

त्या उंचवट्यावर मनगट आत वाकवणारे, बोटांची मूठ वळवणारे आणि तळहात खाली फिरवणारे असे अनेक स्नायू एकाच जाड कंडरेने चिकटलेले असतात. केस पेपरवर याला गोल्फर्स एल्बो लिहितात. गोल्फशी त्याचा संबंध असायलाच हवा असं काही नाही. दुखणं जुनं झालं की त्या कंडरेत सुजेपेक्षा झीज जास्त असते. एका दिशेने नीट बसलेले तंतू विस्कटतात, त्यांची जागा कमकुवत तंतू घेतात, भलत्या ठिकाणी नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कंडरा दुरुस्त व्हायला मोजून मापून ओढ लागते. ओढ नसेल तर ती आणखी दुबळी होते आणि जास्त झाली तर आणखी विस्कटते.

तपासणीला आमची सुरुवात बोटाने दाबण्यापासून होते. दुखरा बिंदू बहुतेक वेळा उंचवट्याच्या टोकावर सापडत नाही. तो त्याच्या किंचित पुढे आणि खाली, अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर असतो. दादांचा अगदी तिथेच होता. मग कोपर सरळ ठेवून, तळहात वर करून त्यांना मनगट आत वाकवायला सांगितलं आणि आम्ही हाताने अडवलं. तीच कळ आली. तळहात खाली फिरवायला सांगून अडवलं, तेव्हा ती जास्त आली. दोन्ही हातांच्या पकडीचं जोर मोजायच्या यंत्रावर माप घेतलं. यात एक बारकावा आहे. पूर्ण ताकद लावायला सांगायचं नाही. दुखायला लागेल तिथे थांबा म्हणायचं आणि तो आकडा लिहून ठेवायचा. उजव्या हाताचा आकडा डाव्याच्या निम्म्यावर होता. पुढच्या आठवड्यांत सुधारणा आम्ही याच आकड्यावर जोखली, कारण “आता कसं वाटतंय” याचं उत्तर त्या दिवशी किती जार उचलले यावर बदलत राहतं.

यानंतरची तपासणी घाईत हमखास राहून जाते. त्याच उंचवट्याच्या मागच्या खाचेतून अल्नार नस जाते, कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी. आतल्या बाजूच्या कंडरेच्या दुखण्यात ही नसही चिडलेली असणं काही दुर्मीळ नाही. तिच्याकडे लक्ष दिलं नाही तर व्यायाम नेमाने करूनही दुखणं जात नाही. आम्ही खाचेवर हलक्या टिचक्या मारल्या, कोपर पूर्ण दुमडून मिनिटभर धरायला लावला आणि करंगळी, अनामिकेतली जाणीव तपासली. दादांना कोपर दुमडल्यावर करंगळीत थोड्या मुंग्या आल्या, बोटांची ताकद मात्र शाबूत होती. विचारल्यावर कळलं की जिन्यात दम लागला की ते जार खांद्यावर घेतात. तेव्हा कोपर पूर्ण दुमडलेला राहतो आणि नस ताणून बसते. रात्रीही ते हात उशीखाली दुमडून झोपत. त्यामुळे पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरल्या: खांद्यावर जार घ्यायचा नाही आणि रात्री कोपराभोवती मऊ टॉवेल सैलसर गुंडाळायचा, म्हणजे झोपेत कोपर पूर्ण दुमडणार नाही.

मानेतली नस दबल्यानेही हाताच्या आतल्या बाजूला कळ येऊ शकते, म्हणून मान वळवून, वाकवून पाहिली. तिथे काही नव्हतं. दुखणं डाव्या हाताचं असेल, जिना चढताना येत असेल, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर कोपराचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी. ओझी वाहणाऱ्या माणसाला हे स्पष्ट सांगावंच लागतं, कारण त्याला प्रत्येक दुखणं कामाचंच वाटतं.

एक्स-रे यात बहुधा साधाच येतो. मार लागला असेल, कोपर अडकत असेल किंवा तीन महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, तेव्हा फोटो, सोनोग्राफी किंवा एमआरआयला अर्थ आहे. दादांना त्यातलं काही लागलं नाही.

मग कामाचं काय? “सुट्टी घेतली तर लाइन दुसऱ्याकडे जाते, मॅडम,” असं ते म्हणाले आणि ते खरंच आहे. पण कंडरेलाही पूर्ण विश्रांती नको असते. महिनाभर हात गळ्यात अडकवून बसलेला माणूस पहिल्या दिवशी 60 जार उचलतो आणि आठवड्यात परत येतो. म्हणून काम पूर्ण न थांबवता कामातली दुखरी हालचाल कमी करायचं ठरलं. ते जार कसे उचलतात हे पाहायला केंद्रात एक भरलेला जार आणून ठेवला.

पाहिल्यावर तीन गोष्टी लक्षात आल्या. मानेला धरताना त्यांचं मनगट आत वाकलेलं होतं. मनगट आत वाकलं की बोटांची पकड आपोआप ढिली पडते आणि तेवढीच पकड टिकवायला त्याच स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. मुठीची ताकद सर्वांत जास्त असते ती मनगट थोडं मागे, हाताच्या पाठीच्या दिशेने झुकलेलं असताना. दुसरं म्हणजे गार जारवर बाहेरून पाणी सुटतं, मान निसरडी होते आणि माणूस नकळत दुप्पट आवळून धरतो. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते: डिस्पेन्सरवर जार उलटा ठेवण्याची. एक हात मानेवर, एक बुडाशी आणि 20 किलोचं वजन हवेत फिरवायचं. या झटक्यात मानेवरचा हात वजनासकट पिळला जातो, म्हणजे तपासणीत जी हालचाल सर्वांत जास्त दुखली तीच. चौथ्या मजल्याचा जिना दुखण्याला जबाबदार आहे अशी दादांची पक्की समजूत होती. पण कोणत्या क्षणी कळ उठते ते दोन दिवस नीट लक्ष देऊन पाहा म्हटल्यावर ते स्वतःच सांगत आले की ती डिस्पेन्सरवर उठते.

बदल साधे होते. जारच्या मानेत अडकवायची प्लॅस्टिकची कडी बाजारात स्वस्तात मिळते. तिने बोटांऐवजी पूर्ण तळव्यात पकड बसते आणि मनगट सरळ राहतं. खिशात सुकं फडकं ठेवायचं आणि उचलण्याआधी मान पुसायची. जिन्यात एका वेळी एकच जार, दर मजल्यावर हात बदलून. सोसायटीच्या गेटपासून जिन्यापर्यंत ट्रॉली. डिस्पेन्सरवर जार चढवायचा तर उजवा हात बुडाशी आणि डावा मानेवर, जार छातीला टेकवून, हाताने न पिळता पायांवर वळून. जमेल त्या घरी गिऱ्हाइकालाच बुडाशी हात लावायची विनंती करायची. याने फेऱ्या वाढल्या आणि रोजचा वेळ साधारण दीड तासाने लांबला. ही किंमत आधीच सांगून टाकावी, नाहीतर माणूस तिसऱ्या दिवशी जुन्या पद्धतीवर जातो.

पट्ट्याचा प्रश्न हमखास निघतो. कोपराच्या खाली बांधायचा पट्टा काहींना कामाच्या वेळी आराम देतो. तो उंचवट्यावर बांधायचा नसतो. दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या मांसल भागावर बांधायचा, एक बोट आत जाईल एवढा सैल. दादांनी तो आवळून बांधला आणि करंगळीत मुंग्या वाढल्या, म्हणून आम्ही तो बंदच केला. नस चिडलेली असेल तिथे पट्टा नकोच. तीच गोष्ट तेल लावून उंचवटा जोरात चोळण्याची. मांसल भागावर हलकी मालिश चालते, पण दुखऱ्या बिंदूवर अंगठ्याने रगडल्याने कंडरा आणि शेजारची नस दोन्ही चिडतात.

व्यायामाची पहिली पायरी न हलवता जोर लावायची. उजवा हात टेबलावर, तळहात वर, कोपर काटकोनात. डावा तळहात उजव्यावर ठेवून खाली दाबायचा आणि उजव्याने निम्म्या ताकदीने वर रेटायचं. मनगट जागचं हलता कामा नये. 30 ते 45 सेकंद धरायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. कळ शून्य ते दहामध्ये मोजायला शिकवलं. व्यायामात तीनपर्यंत चालेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती आदल्या दिवसाच्या पातळीवर आली पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय याच नियमावर घ्यायचा होता. व्यायाम करताना दुखलं म्हणून थांबायचं नाही. दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर मात्र मात्रा कमी करायची.

दोन आठवड्यांनी दुसरी पायरी. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात वर आणि मुठीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर घ्यायचं आणि उजव्याने एकट्याने, चार आकडे मोजत हळूहळू खाली सोडायचं. 15 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जोडीला हातोडी. कोपर काटकोनात, अंगठा वर, हातोडी उभी. ती बाहेरच्या बाजूला, तळहात वर येईल अशी हळूहळू कलू द्यायची आणि पुन्हा उभी करायची. सुरुवातीला लोखंडी डोक्याजवळ धरायचं, सवय झाली की दांड्याच्या टोकाकडे सरकायचं. तेवढ्यानेच ओढ वाढते, वजन वाढवावं लागत नाही. दादांनी पहिल्याच दिवशी टोकाला धरलं आणि दुसऱ्या सकाळी कळ पाचवर होती. दांड्यावर खडूने खूण करून दिल्यावर ते जागेवर आलं.

इथे खरी चूक होते ती वेगाची. वजन वर घ्यायला सोपं वाटतं म्हणून माणूस झटपट 15 उरकतो. कंडरेला फायदा होतो तो सावकाश सोडताना पडणाऱ्या ओढीचा. आम्ही मोजणी मोठ्याने करायला लावतो.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी दुरुस्तीसाठी ठाण्यातल्या त्यांच्या भागात नळाचं पाणी दिवसभर बंद होतं. अशा दिवशी जारची मागणी एकदम चढते. दादांनी कडी न लावता, दोन्ही हातांत जार घेऊन दिवस काढला. दुसऱ्या सकाळी मूठ वळेना. अशा वेळी कंडरा फाटली आहे की नुसती भडकली आहे हे आधी पाहावं लागतं. उचलताना काहीतरी तुटल्याची जाणीव, एक-दोन दिवसांत उतरलेला काळा-निळा डाग आणि दुखण्याच्या मानाने फारच जास्त गेलेली ताकद, यातलं काहीही असेल तर लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे. यातलं काही नव्हतं. तीन दिवस हलका बर्फ, दहा-दहा मिनिटं, खाचेवर न ठेवता मांसल भागावर, पहिल्या पायरीचा न हलवता जोर लावायचा व्यायाम चालू, बाटलीचा बंद. चौथ्या दिवशी पुन्हा बाटली, पण एकऐवजी अर्धा लिटरची. आठवड्यात ते पूर्वीच्या जागी आले. अशा भडक्यानंतर शून्यावर जायचं नसतं, एक पायरी मागे यायचं असतं.

याच आठवड्यात कुणीतरी त्यांना स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल सांगितलं. आम्ही जे माहीत आहे ते समोर ठेवलं. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच दुखण्याच्या रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइड आणि काहींना सलाइनचं इंजेक्शन दिलं होतं. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडवाल्यांचं दुखणं कमी होतं. तीन महिन्यांनी आणि वर्षाने दोघांत फरक उरला नव्हता. शिवाय शेजारी अल्नार नस आहे, तिथली त्वचा पातळ पडून पांढरी होऊ शकते आणि कंडरा दुबळी पडू शकते. ओझी वाहणाऱ्याच्या बाबतीत मला आणखी एक भीती वाटते: कळ गेली की तो तिसऱ्याच दिवशी 90 जार उचलतो, कंडरा मात्र होती तिथेच असते. रात्रीची झोप उडवणारं दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोलून एखादं इंजेक्शन घेणं चूक नाही, पण नंतरचे काही आठवडे काम कमी ठेवायची तयारी हवी. दादांनी ते घेतलं नाही. कामानंतर डायक्लोफेनॅकचं मलम आणि क्वचित एखादी पॅरासिटामॉल, एवढ्यावर भागलं.

सातव्या-आठव्या आठवड्यात बाटलीचं वजन अडीच किलोपर्यंत गेलं, पकडीचा आकडा डाव्याच्या तीन चतुर्थांशावर आला आणि तिसरी पायरी सुरू झाली. जारच्या धंद्यातल्या माणसाला इथे एक मोठी सोय आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे जारमध्येच लिटरच्या हिशोबाने ओझं वाढवता येतं आणि हालचालही हुबेहूब कामाचीच राहते. पाच लिटर भरलेला जार कडीने धरून सपाटीवर 30 मीटर, चार वेळा, एक दिवसाआड. मनगट सरळ, कोपर किंचित सैल, खांदा खाली. दुसऱ्या सकाळी कळ दोनच्या आत असेल तर पुढच्या आठवड्यात दोन ते तीन लिटर वाढवायचं. पाणी अर्धवट असलं की ते डचमळतं, जार हिंदकळतो आणि मनगटाला सारखं सावरावं लागतं. दहा लिटरच्या आसपास हा त्रास भरलेल्या जारपेक्षाही जास्त जाणवतो. दादांची कळ नेमकी तिथे वाढली. ओझं तेच ठेवून चाल हळू केल्यावर ती उतरली.

जारने 15 लिटर गाठल्यावर जिना आणला, आधी एकच मजला. चढण्यापेक्षा रिकामे जार घेऊन घाईत उतरणं सोपं वाटतं, पण दोन-दोन बोटांत एकेक अडकवून चार रिकामे जार नेतात तेव्हा बोटांच्या मुळाशी तीच ओढ पडते. रिकामे जार दोरीत ओवून नेले तर हा प्रश्न मिटतो.

साधारण तीन महिन्यांनी ते कडीसह पूर्ण भरलेला जार दिवसभर वाहू लागले. सकाळची कळ शून्य ते एक, मुंग्या बंद, पकडीचा आकडा दोन्ही हातांचा जवळपास सारखा. हा काळ कमी-जास्त होतो. मधुमेह, धूम्रपान किंवा लठ्ठपणा असेल तर जास्त धरावा. सहा ते बारा महिने नीट उपचार करूनही काम जमत नसेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो; बहुतेकांना तिची गरज पडत नाही. करंगळी बधिर राहू लागली, पंजाच्या पाठीवर अंगठ्या-तर्जनीमधला मांसल भाग खोल जाऊ लागला, तर मात्र एवढा काळ थांबायचं नाही. नस दबते आहे आणि ती लवकर दाखवली पाहिजे.

दोन्ही हातांत जार घेण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती दिली, दोन अटींवर: सपाटीवरच आणि कडी लावूनच. बाटलीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे. मार्चमध्ये, मागणी वाढण्याआधी, तो तीनदा करायचा आणि एप्रिलचे जास्तीचे जार दर आठवड्याला सहा-सातपेक्षा जास्त वाढवायचे नाहीत, बाकीचे जोडीदाराकडे द्यायचे, असं त्यांच्या वहीत त्यांनीच लिहून ठेवलं आहे.